कपाळावरची तेलकट चमक: मध्य राखून कडेवर काम

या आठवड्यात समोरून फ्लॅश मारून काढलेल्या एका पोर्ट्रेटवर काम केलं. कपाळाच्या मधोमध एक मोठा डाग आणि नाकाच्या शेंड्यावर व पाळ्यांवर छोटे ठिपके, एवढी चमक होती.

आधी डागाचे आकडे पाहिले. कपाळावर लाल-हिरवा-निळा 246, 236, 230, आणि शेजारच्या उजळ त्वचेवर 222, 178, 152. तेलाच्या थरावरून परतलेला उजेड त्वचेचा रंग घेत नाही, तो दिव्याच्याच रंगाचा असतो. म्हणूनच Curves ने नुसता उजेड उतरवला की तिथे राखाडी पट्टा दिसतो.

म्हणून नवीन रिकामा लेअर घेतला, मोड Darken केला, शेजारच्या त्वचेचा रंग उचलला आणि मऊ ब्रशने डागावर फिरवला. Darken प्रत्येक चॅनल वेगळा तपासतो आणि त्यातलं गडद मूल्य ठेवतो. लेअरची ओपॅसिटी 40 टक्के ठेवल्यावर डाग साधारण 236, 213, 199 झाला. लाल जेमतेम दहाने उतरला, निळा मात्र तीसच्या वर, त्यामुळे उजेड कमी होतानाच त्वचेचा रंगही परत आला. उचललेल्या रंगापेक्षा गडद असलेल्या रंध्रांना आणि बारीक रेषांना हा मोड हातच लावत नाही, त्यामुळे पोत टिकतो.

आता खरा प्रश्न, कपाळ सपाट कसं होऊ द्यायचं नाही? डाग बराच वेळ मोठा करून पाहिल्यावर माझं मत असं झालं की तेलकटपणा कडेमुळे जाणवतो. नैसर्गिक हायलाइट मध्यातून बाहेर हळूहळू विरत जातो. तेलाची चमक मात्र एकदम तुटते आणि तिच्या कडेला वेगळे छोटे ठिपके उमटतात. म्हणून लेअरला मास्क लावून डागाच्या मध्यावर मऊ काळा ब्रश 50 टक्क्यांनी फिरवला. तिथे परिणाम निम्मा राहिला, कडेला पूर्ण. डाग आक्रसला, कपाळाची गोलाई राहिली.

नाकावर पाळ्यांवरचे ठिपके जवळजवळ पूर्ण घालवले, पण दांड्यावरची अरुंद उभी रेघ तशीच सोडली. ती गेली की नाक चेहऱ्याला चिकटल्यासारखं दिसतं.

शेंड्यावरचा एक बिंदू तिन्ही चॅनलमध्ये 255 होता. तिथे पोतच नाही, रंग भरला तर गुळगुळीत टिकली दिसते. रॉ फाइलमध्ये Highlights खाली ओढून थोडा तपशील आला. उरलेल्या भागात क्लोन स्टँप Darken मोडवर ठेवून गालावरची रंध्रं 30 टक्के ओपॅसिटीने आणली.

तपासणीसाठी वर Black & White लेअर ठेवून फोटो अंगठ्याएवढा केला. कपाळ कानशिलाइतकंच करडं दिसलं, म्हणजे हात जास्त चालला होता. ओपॅसिटी 32 वर आणल्यावर उठाव परत आला.