पंधरापैकी अकरा

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅल्क्युलसचा दुसरा भाग शिकवते. आमच्याकडे गृहपाठाला गुण मिळतात ते उत्तर बरोबर आलं म्हणून नाही, गृहपाठ केला म्हणून. त्यामागचं कारण मला मनापासून पटतं. पुस्तकातल्या प्रत्येक गणिताचं पूर्ण उत्तर आज फोनवर सापडतं. अशा वेळी बरोबर उत्तराला गुण द्यायचे म्हणजे उतरवून काढणाऱ्याला बक्षीस आणि स्वतः धडपडून चुकणाऱ्याला शिक्षा. आपल्याकडे मित्राची जर्नल रात्री बसून उतरवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे हे फार समजावून सांगायला नको.

नियम असा होता. दर आठवड्याला 15 प्रश्न. त्यातले 80 टक्के, म्हणजे 12, केले की पूर्ण 10 गुण. निम्म्यापेक्षा जास्त पण 12 पेक्षा कमी, म्हणजे 8 ते 11 केले तर 5. त्याखाली शून्य. सेमिस्टरमध्ये असे 12 गृहपाठ, आणि सगळे मिळून अंतिम निकालात 15 टक्के. वरचे 20 टक्के सोडले ते सवलत म्हणून: कुणी आजारी पडतं, कुणाचं एखाद्या गणितावर डोकंच चालत नाही. विचार चांगला आहे. पण 80 च्या वर काय मिळेल हे ठरवताना जेवढी चर्चा झाली असेल, तेवढी 80 च्या खाली काय मिळावं यावर झालेली नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. ते झालं एका विद्यार्थिनीमुळे.

त्याआधी ‘केला’ म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आमचं खरं काम तिथे असतं. मुलं वहीचे फोटो काढून पाठवतात आणि कुठला प्रश्न कुठल्या पानावर आहे ते स्वतः नोंदवतात. मी प्रत्येक प्रश्नाकडे काही सेकंदच बघते. कोरी जागा असेल तर नाही. प्रश्नच परत लिहून काढला असेल तर नाही. त्या गणिताशी संबंध असलेली एक तरी पायरी असेल तर हो, मग ती चुकीची का असेना. ऐकायला सोपं वाटतं, पण अनंत श्रेणींचा धडा आला की हा नियम ताणला जातो. श्रेणी अभिसारी आहे का, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक आकड्याकडे जाते का, हे तपासायच्या अनेक कसोट्या असतात. मुलं नुसतं ‘कम्पॅरिझन टेस्ट’ एवढंच लिहून पुढे जातात. ते चालवून घ्यायचं का? मी माझ्यापुरतं ठरवलं आहे की कसोटीचं नाव पुरेसं नाही. कुठल्या श्रेणीशी तुलना करायची तेही लिहिलेलं हवं. कारण या धड्यातली सगळी अक्कल तुलनेसाठी श्रेणी निवडण्यात आहे. माझे काही सहकारी नुसत्या नावालाही ‘हो’ देतात. त्यांचं तपासणं माझ्या निम्म्या वेळात होतं, आणि त्यांच्या वर्गात पूर्ण गुणवालेही जास्त असतात. हे मला खटकतं. एकाच अभ्यासक्रमात ‘केला’ या शब्दाचे दोन भाव असू नयेत.

तर त्या श्रेणींच्या आठवड्यातला गृहपाठ. यादी पुस्तकाच्या क्रमानेच लावलेली होती. पहिले चार प्रश्न भूमितीय श्रेणीचे, बहुतेकांना शाळेपासून येणारे. मग 1/n², 1/√n अशा श्रेणी, मग तुलनेचे, आणि शेवटचे तीन, 13 ते 15, एकाआड एक चिन्ह बदलणाऱ्या श्रेणींचे. त्यातला चौदावा असा: 1 − 1/4 + 1/9 − 1/16 … या श्रेणीची बेरीज किती पदं घेतली की चूक 0.005 पेक्षा कमी राहील याची खात्री देता येईल? यात पहिलं सोडलेलं पद चुकीची मर्यादा ठरवतं. N पदं घेतली तर चूक 1/(N+1)² पेक्षा कमी. ते 0.005 पेक्षा कमी हवं, म्हणजे (N+1)² हे 200 पेक्षा जास्त हवं. 14 चा वर्ग 196, पुरत नाही. 15 चा वर्ग 225, पुरतो. म्हणून N = 14. गणित छोटं आहे, पण संपूर्ण धड्याचं मर्म त्यात आहे: श्रेणीची बेरीज नेमकी माहीत नसतानाही ती किती जवळून माहीत आहे हे सांगता येतं.

एका मुलाने 1 ते 12 केले आणि तो थांबला. नीटनेटकं काम, बहुतेक उत्तरं दोन-दोन ओळींत. 12 झाले, 10 गुण. शेवटच्या तीन प्रश्नांचं पानही उलटलेलं दिसत नव्हतं. वर्गातल्या ढीगभर वह्या तशाच होत्या. मुलांना मी दोष देत नाही. आपणच त्यांना बारावर रेघ मारून दिली आहे.

त्याच गठ्ठ्यात ती वही होती. ही विद्यार्थिनी इतरांहून मोठी आहे, एका दुकानात एक आठवडा आड रात्रपाळी करते. तिने शेवटापासून सुरुवात केली होती. पंधरा, चौदा, तेरा, मग तुलनेचे प्रश्न. चौदाव्याला दोन पानं होती. आधी तिने पदं एकेक करून बेरीज मारली होती, ते खोडलं होतं. मग पहिल्या सोडलेल्या पदाऐवजी शेवटचं घेतलेलं पद धरून N = 15 काढलं होतं, आणि बाजूला लिहिलं होतं, ‘पण हे एक पद जास्त होतंय का?’ तिसऱ्या खेपेला 14 आलं होतं. कॅल्क्युलस शिकवणाऱ्याला ज्यासाठी हे काम करावंसं वाटतं, ते त्या दोन पानांवर होतं. पण पहिले चार प्रश्न कोरे होते. 15 पैकी 11, म्हणजे 73.3 टक्के. गुण 5.

ती ऑफिस अवर्समध्ये आली तेव्हा भांडायला आलेली नव्हती. म्हणाली, ‘ते चार मला येतात म्हणून सोडले. वेळ कमी होता, तर न येणारे आधी करावेत असं वाटलं. आता पुढच्या वेळी सोपे आधी करीन.’ मला ते ऐकवेना. तिच्या अभ्यासाची पद्धत आमच्याहून शहाणी होती आणि आमचा नियम तिला ती सोडायला शिकवत होता.

मी या अभ्यासक्रमाच्या कोऑर्डिनेटरकडे गेले. सेमिस्टरच्या मध्यात नियम बदलता येत नाही, हे त्यांचं पहिलं उत्तर. इथे सिलॅबस हा जवळपास करारच मानतात, आणि तो तसा मानावा हे मलाही मान्य आहे. पण त्याला एक वाट असते: ज्या बदलाने एकाचेही गुण कमी होत नाहीत, त्यावर कुणी हरकत घेत नाही. म्हणून मी कागदावर मांडून दाखवलं. 12 ला पूर्ण गुण हे तसंच ठेवा, पण खाली पायऱ्यांऐवजी प्रमाण ठेवा: n प्रश्न केले तर 10 × n/12, जास्तीत जास्त 10. मग 11 ला 9.2 मिळतात, आधी 5 होते. 8 ला 6.7, आधी 5. 7 ला 5.8, आधी शून्य. एकाही आकड्याला आधीपेक्षा कमी मिळत नाही. आणि जुन्या नियमाने काय होत होतं तेही दाखवलं. दर आठवड्याला 12 करणाऱ्याला 15 पैकी 15 टक्के, दर आठवड्याला 11 करणाऱ्याला साडेसात. आठवड्याला एका प्रश्नाचा फरक, त्यासाठी अंतिम ग्रेड एका अक्षराने खाली येऊ शकते.

दुसरी मागणी मोठी होती. एक आठवडा आड रात्रपाळी करणारी व्यक्ती एका आठवड्यात 15 करते, दुसऱ्यात 9. सरासरी 12. पण वरचे तीन जास्तीचे प्रश्न कुठेच धरले जात नाहीत, आणि खालचे तीन मात्र कापले जातात. जुन्या नियमाने तिला 20 पैकी 15 मिळतात, प्रमाणाच्या नियमानेही 17.5 च. दर आठवड्याचा हिशेब वेगळा न करता सेमिस्टरचे 180 प्रश्न एकत्र धरले आणि 144 ला पूर्ण गुण दिले, तरच तिचं काम पूर्ण मोजलं जातं. हे त्यांनी मानलं नाही. त्यांचं म्हणणं असं की एकत्र हिशेब केला तर मुलं सगळं शेवटच्या आठवड्यावर ढकलतील, आणि श्रेणींचा गृहपाठ श्रेणींच्या परीक्षेनंतर करून उपयोग नाही. यात तथ्य आहे. मी एका धड्याचे दोन-तीन गृहपाठ एकत्र धरा, असं सुचवलं. ते पुढच्या सेमिस्टरवर गेलं आहे.

प्रमाणाचा नियम मात्र मान्य झाला, मागच्या गृहपाठांनाही लागू झाला. पण निम्म्याखाली शून्य हे त्यांनी ठेवलंच. दोन प्रश्न खरडून दोन गुण नेणाऱ्यांना ते रोखतं, असं त्यांना वाटतं. मला ते पटत नाही. दोन प्रश्नांना 1.7 गुण मिळाले तर संपूर्ण निकालात 0.2 टक्क्याचा प्रश्न आहे, आणि तेवढ्यासाठी कुणी फसवणूक करत नाही. उलट आता 7 ला शून्य आणि 8 ला 6.7 अशी रेघ झाली आहे. पूर्वी 8 वरची उडी 5 गुणांची होती. ती आम्ही वाढवली.

आणि 13 ते 15 चा प्रश्न दोन्ही नियमांनी सुटत नाही. मिडटर्ममध्ये चौदाव्यासारखंच गणित आलं. बारावर थांबलेल्या त्या मुलाने श्रेणी अभिसारी आहे एवढं बरोबर लिहिलं आणि पदांची संख्या विचारली तिथे जागा कोरी सोडली. म्हणून आता माझ्या वर्गाची यादी मी पुस्तकाच्या क्रमाने देत नाही. एकाआड एक चिन्हांचे प्रश्न चौथ्या, आठव्या आणि अकराव्या जागी घालते, आणि शाळेत येऊन गेलेले शेवटी. सोडायचेच असतील तर ते सोडावेत. कोऑर्डिनेटरना हे सांगितलं आहे. बाकीचे वर्ग अजून जुनीच यादी देतात, आणि पुढच्या बैठकीत मी ‘केला’ची व्याख्या, ती सातची रेघ आणि ही यादी, तिन्ही पुन्हा मांडणार आहे.