रफू आणि ठिगळ

तुम्ही विचारलंत: "मॅडम, डीएनए दुरुस्त करताना दोन्हीकडे बिघडलेलं कापायचं, काढायचं आणि भरायचंच आहे. मग पेशीनं बेस एक्सिजन रिपेअर आणि न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर अशा दोन वेगळ्या व्यवस्था कशाला ठेवल्या?"

एमएस्सीच्या मुलांना मी हे आधी सांगत नाही, प्लेटवर बघायला लावते. ई. कोलाय या जिवाणूचे तीन स्ट्रेन घ्यायचे. पहिला शाबूत. दुसऱ्यात यूव्हीआर-ए हा जनुक मोडलेला, म्हणजे न्यूक्लिओटाइड एक्सिजन बंद. तिसऱ्यात एक्सटीएच-ए मोडलेला. बेस एक्सिजनच्या वाटेवर बिघडलेला बेस, म्हणजे डीएनएचं एक अक्षर, काढल्यानंतर धाग्याला जो काप घ्यावा लागतो, तो मुख्यतः घेणारं एन्झाइम या जनुकापासून बनतं.

प्रत्येकाचे पातळ करत नेलेले थेंब अगारवर टाकायचे, झाकण काढायचं आणि 254 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली काही सेकंद धरायचं. झाकण विसरलात तर किरण प्लॅस्टिकमध्येच अडतात आणि तिन्ही स्ट्रेन सारखेच वाढतात. दुसऱ्या संचात दिवा नाही. जिवाणू प्लेटभर पसरायचे आणि मधोमध हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेली फिल्टर पेपरची चकती ठेवायची.

दुसऱ्या दिवशी दिव्याच्या प्लेटवर यूव्हीआर-ए नसलेला स्ट्रेन जवळजवळ साफ झालेला असतो आणि एक्सटीएच-ए नसलेला शाबूत स्ट्रेनच्या बरोबरीनं उभा असतो. पेरॉक्साइडच्या प्लेटवर बरोबर उलटं दिसतं. चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ एक्सटीएच-ए नसलेल्याचं सगळ्यात मोठं, आणि यूव्हीआर-ए नसलेला साधारण शाबूतसारखाच. एकाचं काम दुसऱ्यानं उचललं असतं, तर हे असं उलटसुलट आलंच नसतं.

एका वर्षी हे सगळं फसलं. यूव्हीआर-ए नसलेल्या स्ट्रेनच्या वसाहती दिव्याच्या प्लेटवरही भरघोस आल्या. स्ट्रेनची बाटली बदलली असेल असं मला वाटलं, म्हणून दोन दिवस जुन्या नोंदी उलगडत बसले. मग एका विद्यार्थिनीनं सांगितलं की किरण दिल्यावर प्लेट तासभर खिडकीत राहिल्या होत्या. उलगडा झाला. ई. कोलायकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं. ते निळा प्रकाश वापरून अतिनील किरणांनी जोडलेले बेस, काहीही न कापता, जागच्या जागी सोडवतं. तेव्हापासून आमच्याकडे हा भाग पिवळ्या दिव्यात होतो आणि प्लेट लगेच काळ्या कागदात गुंडाळल्या जातात. माणसाकडे हे एन्झाइम नाही, ही गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

आता आत काय होतं ते बघू. सायटोसिन हा बेस नुसत्या पाण्यात राहूनही कधीतरी आपला अमिनो गट गमावतो आणि त्याचा युरॅसिल होतो. माणसाच्या एका पेशीत हे रोज काही शे वेळा घडतं. दुरुस्त न होता पेशीनं प्रत काढली तर युरॅसिलसमोर अ‍ॅडेनिन बसतं, आणि जिथे सायटोसिन-ग्वानिनची जोडी होती तिथे थायमिन-अ‍ॅडेनिनची कायमची होते. हे युरॅसिल काढणारं एन्झाइम टोमास लिंडाल यांनी 1974 मध्ये ई. कोलायमध्येच शोधलं. त्याचं काम मला आजही थक्क करतं. ते डीएनएवरून सरकत जातं आणि युरॅसिल भेटला की त्याला दुहेरी पेडातून बाहेर वळवून आपल्या एका खोबणीत घेतं. खोबण युरॅसिलच्या मापाची आहे. थायमिन त्याच्याहून फक्त एका मिथाइल गटानं मोठा, पण तेवढा गट खोबणीच्या भिंतीतल्या टायरोसिनला अडतो आणि थायमिन आत जाऊच शकत नाही. डीएनएमध्ये युरॅसिलऐवजी थायमिन का, याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर इथेच आहे: त्या मिथाइल गटामुळे मुळातला बेस कुठला आणि सायटोसिन बिघडून झालेला कुठला हे ओळखता येतं.

खोबणीत बसलेला युरॅसिल साखरेपासून तोडला जातो. धागा अजून अखंड आहे, फक्त एका साखरेवर बेस नाही. मग माणसात एपीई-1 हे एन्झाइम त्या जागेच्या अलीकडे धाग्याला काप देतं, पॉलिमरेज बीटा एक योग्य न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखर आणि फॉस्फेटसकट बेस, बसवून रिकामी साखर काढून टाकतं, आणि लायगेज सांधा जोडतं. बदललं ते एकच न्यूक्लिओटाइड. कधीकधी दोन ते दहा भरावे लागतात, पण नेहमीची चाल ही. आमच्या गल्लीत एक रफूवाले बसायचे. तुटलेला एकच धागा शोधून तेवढाच बदलायचे. मला ही यंत्रणा तशी दिसते. पण रफूवाल्याला धागा कुठला तुटलाय ते ओळखता यावं लागतं. म्हणूनच बेस एक्सिजनमध्ये सुरुवात करणारी एन्झाइम वेगवेगळी आहेत: युरॅसिलसाठी वेगळी, ऑक्सिजननं बिघडलेल्या ग्वानिनसाठी वेगळी. प्रत्येकाची खोबण ठरावीक पाहुण्यांपुरती.

अतिनील किरणांचं नुकसान या खोबणीत मावत नाही. एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन थायमिन एकमेकांना पक्के जोडले जातात. सिगरेटच्या धुरातल्या बेंझोपायरीनपासून बनणारा रेणू ग्वानिनला चिकटतो तेव्हा तर बेसवर बेसहून मोठं ओझं येतं. असे चिकटणारे पदार्थ किती असतील याला गणती नाही. अजून न बनलेल्या रसायनासाठी पेशी खोबण आधीच कशी तयार ठेवणार?

न्यूक्लिओटाइड एक्सिजन म्हणूनच 'हे काय आहे' असं विचारतच नाही. माणसात एक्सपीसी हे प्रथिन, जिथे बेसच्या जोड्या सैल पडल्या आहेत अशी जागा शोधतं. तिथे ते मुख्यतः समोरच्या, चांगल्या धाग्याला धरतं. बिघाडाला त्याचा जवळजवळ स्पर्शही होत नाही. त्यामुळे बिघाड कसलाही असला तरी चालतं. पण यात एक धोका आहे. नुसती चुकीची जोडी बसली असेल तरी ती जागा सैल असते, आणि तिथे कापण्यासारखं काही नसतं. म्हणून टीएफआयआयएच हा प्रथिनांचा गट येऊन दोन्ही धागे थोडे उलगडतो आणि त्यातलं एक्सपीडी एका धाग्यावरून पुढे सरकतं. ते अडलं, तर तिथे खरंच काहीतरी चिकटलेलं आहे. मग एक्सपीएफ बिघाडाच्या एका बाजूला आणि एक्सपीजी दुसऱ्या बाजूला काप घेतं. दोन्ही काप एकाच धाग्याला. मधला 24 ते 32 न्यूक्लिओटाइडचा तुकडा बिघाडासकट निघून जातो आणि समोरचा धागा वाचून जागा भरली जाते. डाग कसला आहे हे न बघता आजूबाजूचं कापड कापून ठिगळ लावावं, तसं.

मग सगळीकडे ठिगळच का नाही? कारण ठिगळ लावणारा सैलपणा शोधतो, आणि लहान बिघाड सैलपणा दाखवतच नाहीत. ऑक्सिजननं बिघडलेला ग्वानिन सायटोसिनसमोर इतका नीट बसतो की एक्सपीसी त्याच्यावरून निघून जातं. तिथे आकार बघून भागत नाही, ओळख लागते. हीच अडचण अतिनील किरणांच्या दोन बिघाडांतही दिसते. 6-4 नावाची जोडणी पेड चांगलाच वाकवते आणि काही तासांत काढली जाते. थायमिनची साधी जोडणी पेड थोडासाच वाकवते, आणि एक दिवस उलटला तरी तिच्यातला बराच भाग शिल्लक असतो. तीही जी निघते ती डीडीबी-2 नावाचं आणखी एक प्रथिन तिला आधी शोधून एक्सपीसीच्या हवाली करतं म्हणून. उंदरांच्या पेशींत हे प्रथिन फार कमी बनतं आणि त्या पेशी ही जोडणी फारच कमी काढतात.

माणसात हे वेगळेपण एका आजारानं दाखवलं. झीरोडर्मा पिग्मेंटोसम असलेल्या मुलांना थोड्या उन्हानंही त्वचेवर डाग येतात आणि लहान वयात त्वचेचे कर्करोग होतात. जेम्स क्लीव्हर यांनी 1968 मध्ये दाखवलं की या रुग्णांच्या पेशी अतिनील किरणांनंतर दुरुस्तीचा डीएनए भरतच नाहीत किंवा फारच कमी भरतात. मोजणी अशी होती: पेशींना किरणोत्सारी थायमिडीन द्यायचं आणि नव्यानं भरलेल्या डीएनएत ते किती गेलं ते बघायचं. फोटोच्या इमल्शनखाली ठेवलेल्या निरोगी पेशींच्या केंद्रकावर काळे कण दाट उमटतात, रुग्णाच्या पेशींवर विरळ. आणि त्याच पेशींना क्ष-किरण दिले, की त्या निरोगी पेशींसारखी दुरुस्ती करतात. माझ्या दोन प्लेट म्हणजे हाच प्रयोग, जिवाणूंवर केलेला. आपल्याकडे फोटोलायेज नाही, त्यामुळे न्यूक्लिओटाइड एक्सिजन गेलं की या मुलांना त्या जोडण्या काढायला दुसरं काहीच उरत नाही.

आता थोडं माझ्याच उत्तराविरुद्ध. थायमिनची जोडणी रफूनं निघूच शकत नाही, असं मी सुचवलं का? टी-4 हा ई. कोलायला लागणारा विषाणू ती रफूनंच काढतो. त्याचं एन्झाइम जोडणीतल्या एका थायमिनचा साखरेशी असलेला बंध तोडतं आणि मग त्याच जागी धाग्याला काप देतं. पुढचं काम पेशीच्या नेहमीच्या एन्झाइमांचं. म्हणजे कुठला बिघाड कुणाकडे जाणार हे रसायनानं एकट्यानं ठरवलेलं नाही; कुठल्या जिवाकडे कुठली खोबण आहे यावरही ते ठरतं. मला स्वतःला हे कळायला बरीच वर्षं लागली, कारण शिकताना मी 'लहान बिघाड इकडे, मोठा तिकडे' एवढंच पाठ केलं होतं.

1975 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी सेंडाई विषाणूच्या मदतीनं हे टी-4 चं एन्झाइम अतिनील किरण दिलेल्या झीरोडर्माच्या पेशींच्या आत पोचवलं. पहिला काप बाहेरून आलेल्या एन्झाइमनं दिला. भरायला आणि जोडायला लागणारं सगळं त्या पेशींकडे आधीपासूनच होतं. केंद्रकांवर काळे कण पुन्हा उमटले.