तुम्ही विचारलंत म्हणून : आकृती नसलेल्या पिशवीतले चेंडू

"मॅडम, प्रश्नात 'आकृतीत दाखवलेल्या पिशवीतून' असं लिहिलंय आणि आकृतीच छापलेली नाही. चेंडू किती तेच माहीत नाही, मग गणित सोडवायचं कसं?"

आधी प्रश्नात चेंडू किती वेळा काढलाय ते बघा. एकदाच काढला असेल, तर आकृती गेल्यामुळे फारसं काही गेलेलं नसतं. पिशवीत १० पैकी ४ लाल असोत, १५ पैकी ६ असोत की ५ पैकी २, एक चेंडू काढल्यावर तो लाल असण्याची संभाव्यता २/५ च येते. P(A) = n(A)/n(S) या सूत्राला फक्त प्रमाण लागतं. पहिला चेंडू परत पिशवीत टाकून दुसरा काढला, तरीही तेच. २/५ गुणिले २/५, म्हणजे ४/२५. पिशवी लहान की मोठी, याने उत्तर हलत नाही.

पण पहिला चेंडू बाहेर ठेवून दुसरा काढला की सगळं बदलतं, कारण आता पिशवीत एक चेंडू कमी झालेला असतो आणि तो लहान पिशवीत जास्त जाणवतो. ५ पैकी २ लाल असतील तर दोन्ही लाल येण्याची संभाव्यता २/५ × १/४ = १/१०. १० पैकी ४ असतील तर २/१५. १५ पैकी ६ असतील तर १/७. प्रमाण एकच, उत्तरं तीन. म्हणून 'परत न ठेवता' हे शब्द दिसले, की आकृतीतले खरे आकडे शोधल्याशिवाय सुटका नाही.

ते शोधायचे कुठे? पर्यायांमध्ये. माझ्याकडे मुलं घेऊन येतात त्या सराव प्रश्नसंचांत अशा धर्तीचा प्रश्न हमखास असतो: आकृतीतल्या पिशवीतून दोन चेंडू एकापाठोपाठ, परत न ठेवता काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? पर्याय ४/२५, २/१५, १/३ आणि ८/१५. मुलं यात बरोबर पर्याय शोधायला बघतात. मी त्यांना चुकीचे पर्याय आधी बघायला सांगते. प्रश्न काढणारा चुकीचे पर्याय हवेतून आणत नाही. मुलं कुठे घसरतील याचा विचार करून तो ते लिहितो, आणि ते लिहिताना त्याच्यासमोर तीच आकृती असते. त्यामुळे आकृतीची माहिती चुकीच्या पर्यायांतही शिल्लक राहिलेली असते.

४/२५ घ्या. हा पूर्ण वर्ग आहे, २/५ चा. चेंडू परत टाकला असं समजून जो गणित करेल त्याच्यासाठी हा पर्याय ठेवलाय. म्हणजे लाल चेंडूंचं प्रमाण २/५. आता लाल चेंडू २k आणि एकूण ५k धरा. २/१५ हे उत्तर परत न ठेवता आलं असेल, तर २/५ ला ज्याने गुणलं ते १/३ असणार. म्हणजे एक लाल चेंडू गेल्यावर उरलेल्या चेंडूंत लालचा वाटा १/३ आहे. (२k − १)/(५k − १) = १/३. तिरकस गुणाकार करा: ६k − ३ = ५k − १, म्हणून k = २. लाल चेंडू ४, एकूण १०. दुसरी कुठलीच पिशवी या दोन पर्यायांत बसत नाही.

इथे थांबू नका. उरलेले दोन पर्याय पडताळ्यासाठी आहेत. १० मध्ये ४ लाल असतील तर ६ लाल नसलेले. दोन्ही लाल नसण्याची संभाव्यता ६/१० × ५/९ = १/३. आहे पर्यायात. एक लाल आणि एक दुसरा येण्याची, दोन्ही क्रम धरून, ४८/९० = ८/१५. तोही आहे. आणि २/१५, ५/१५, ८/१५ यांची बेरीज १ होते, कारण दोन चेंडू काढल्यावर याशिवाय चौथं काही घडूच शकत नाही. चारही पर्याय एकाच पिशवीतून निघाले, तेव्हा पिशवी सापडली असं खात्रीने म्हणायचं.

ही खात्री का हवी, ते सांगते. समजा पर्याय नाहीत आणि उत्तरसूचीत फक्त २/१५ दिलंय. तर १० पैकी ४ हे उत्तर एकटं नाही. २१ पैकी ८ घेतले तरी ८/२१ × ७/२० = ५६/४२०, पुन्हा २/१५. तीस चेंडूंपर्यंत या दोनच जोड्या बसतात, पण दोन आहेत. २१ चेंडू सहसा कुणी काढत बसत नाही हे खरं, पण तो अंदाज झाला. पुढे 'दोन्ही लाल नसण्याची संभाव्यता' असा उपप्रश्न असेल आणि त्याचं उत्तर १/३ दिलं असेल, तर मात्र २१ वाली पिशवी बाद होते, कारण तिथे १३/३५ यायला हवं. म्हणून मी नेहमी म्हणते, एका उत्तरावरून पिशवी बांधा आणि दुसऱ्या उत्तराने ती तपासा. ज्या उत्तरावरून बांधली त्यानेच तपासली, तर काहीच तपासलं नाही.

कधी आकृती पूर्ण जात नाही, नुसते रंग जातात. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर लाल आणि हिरवा जवळजवळ सारखेच काळपट दिसतात, पिवळा तर कागदात विरूनच जातो. हे त्यातल्या त्यात बरं. चेंडू मोजता आले तर एकूण संख्या हातात असते. १० चेंडू मोजलेत आणि उत्तर २/१५ आहे, तर लाल चेंडूंची संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांचा गुणाकार १२ हवा. ४ आणि ३. संपलं. फक्त मोजताना पांढऱ्यात विरलेल्या चेंडूंची कडा नीट शोधा. पिवळे दोन सुटले आणि तुम्ही ८ धरले, तर ५६ च्या २/१५ पट करून पूर्ण संख्याच येत नाही. तसं झालं की मोजणी चुकली असं समजायचं.

पत्त्यांच्या प्रश्नांत छेदाकडे बघा. ५२ पत्त्यांच्या पूर्ण कॅटमधून एक पत्ता काढला, तर अतिसंक्षिप्त रूपातला छेद १, २, ४, १३, २६ किंवा ५२ यांपैकीच असणार. आता 'आकृतीत दाखवलेले पत्ते कॅटमधून बाजूला काढले' असं वाक्य आहे, आकृती नाही, आणि राजा मिळण्याची संभाव्यता ३/४९ दिलीय. ४९ छेद म्हणजे ४९ पत्ते उरले, ३ गेले. अंश ३, म्हणजे राजे तीन उरले, एक गेलेल्यांत आहे. पुढचा उपप्रश्न बदामच्या पत्त्याचा असेल आणि उत्तर १३/४९ असेल, तर बदाम एकही गेलेला नाही. किलवरचं उत्तर १०/४९ असेल, तर गेलेले तिन्ही किलवरचे. त्यात किलवरचा राजा आहे हे पक्कं. बाकीचे दोन बहुधा राणी आणि गुलाम असतील, पण तेवढ्या माहितीवरून तसं म्हणता येत नाही, आणि विचारलेल्या प्रश्नांना ते लागतही नाही. जितकं लागतं तितकंच शोधा.

छेद दरवेळी इतकं उघड बोलत नाही. राजा मिळण्याची संभाव्यता १/१६ दिली असेल, तर ४८ पत्ते आणि ३ राजे असू शकतात, ३२ आणि २ असू शकतात, १६ आणि १ सुद्धा. अपूर्णांक संक्षिप्त करताना पत्त्यांची संख्या पुसली गेली. तिथे दुसरा उपप्रश्न हवाच.

फाशांबद्दल थोडक्यात. साधे दोन फासे असतील तर आकृतीची गरजच नाही, n(S) = ३६, आणि छेद ३६ ला भागणारा असतो. उत्तर ३/८ आलंय तर तो प्रश्न साध्या फाशांचा नाही. तीन नाण्यांचा असेल, नाहीतर आठ समान भागांच्या फिरत्या तबकडीचा.

आता जिथे हे सगळं करूनही उत्तर मिळत नाही, तो प्रकार. आकृतीतल्या पिशवीतून एक चेंडू काढला, तो लाल असण्याची संभाव्यता किती? पर्याय १/५, ३/१०, १/२ आणि ७/१०. पहिल्या तिघांची बेरीज १ होते. म्हणजे पिशवीत तीन रंग आहेत आणि १० चेंडू असतील तर ते २, ३ आणि ५ असे आहेत, इथवर बहुतेक बरोबर ओळखलं. ७/१० म्हणजे ३ असलेला रंग न येण्याची संभाव्यता. पण तीनपैकी लाल कोणता, हे फक्त चित्राला माहीत होतं. कितीही डोकं लावलं तरी ते आकड्यांतून निघणार नाही. ७/१० हा पर्याय ठेवलाय म्हणून लाल ३ असावेत असं वाटतं खरं, कारण 'लाल नाही' ही गल्लत मुलं करतात. पण हा प्रश्न काढणाऱ्याच्या सवयीवरचा तर्क झाला, गणित नव्हे.

अशा वेळी मुलांना मी दोन गोष्टी सांगते. घरी सराव करत असाल तर वहीत पहिल्या ओळीत 'लाल चेंडू ३, एकूण १० मानले' असं स्पष्ट लिहा आणि मग सोडवा, म्हणजे मूळ प्रत मिळाल्यावर फक्त ती ओळ बदलून पुढचं तपासता येतं. परीक्षेच्या वर्गात असाल तर पर्याय उलटसुलट करत दहा मिनिटं घालवू नका, हात वर करून पर्यवेक्षकांना प्रश्नपत्रिका दाखवा. शेजारच्या बाकावरच्या प्रतीत ती आकृती छापलेली असू शकते.