प्रिंटरचा मेसेज गिऱ्हाइकाला

मंगळवार, रात्री

दुपारी भाचीचा फोन आला. आवाज पार बसलेला. ती पॅकेजिंगचं डिझाइन करते आणि छपाईही करून देते. गेल्या आठवड्यात चिंचवडच्या एका प्रदर्शनात घरगुती मसाले विकणाऱ्या एका ताईंशी तिची ओळख झाली आणि हजार बॉक्सचं बोलणं सुरू झालं. आज सकाळी तिने प्रिंटरसाठी लिहिलेला मेसेज त्याच ताईंना गेला: "मसालेवाल्या बाई फार घासाघीस करतायत. त्यांना 18 सांगितलेत, आपले 14च. त्यांचा थेट फोन आला तर भाव सांगू नका."

लक्षात येताच तिने मेसेज डिलीट केला, पण घाबरून 'सर्वांसाठी'ऐवजी 'माझ्यासाठी' दाबलं गेलं. ते परत फिरवायला व्हॉट्सॲप काही सेकंदच देतं, ती निघून गेली. म्हणजे मेसेज तिच्या फोनवरून गेला आणि ताईंच्या फोनवर राहिला. निळ्या खुणा झाल्या की नाही, हेही तिला आता दिसत नव्हतं. एरवी सर्वांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. पण तिथेही मेसेज काढल्याची खूण मागे राहते, आणि वर झळकलेली ओळ समोरच्याने आधीच वाचलेली असू शकते. तेव्हा ताईंनी वाचलंय असंच धरून चालायचं, असं मी तिला सांगितलं.

तिने माफीचा मेसेज लिहून ठेवला होता: "सॉरी ताई, चुकून तुम्हाला गेला, प्लीज दुर्लक्ष करा." मी तो पाठवू दिला नाही. ताईंना लागलं असेल ते मेसेज चुकीच्या जागी आल्याचं नाही, आतल्या वाक्यांचं. चार रुपये लपवले आणि पाठीमागे असं बोलली, हे त्यांच्या मनात राहणार. माफी मागायची तर त्या दोन गोष्टींची. आणि ती फोनवर, आजच. लिहून पाठवलं की माणूस एकेका शब्दाचा कीस काढतो.

दुसरा मोह भाव उतरवण्याचा. "मग 15 ला देते म्हणू का, मावशी?" असं तिने दोनदा विचारलं. तसं केलं की 18 हा भाव फुगवलेलाच होता, यावर तिने स्वतःच शिक्का मारल्यासारखं झालं असतं. त्याऐवजी आम्ही वहीत हिशोब मांडला. हजार बॉक्सवर फरक 4000 रुपये. त्यातून डमी आणि कलर प्रूफचे 900, टेम्पोचे 600, खराब निघणाऱ्या तीसेक बॉक्सचे 420. उरले 2080. छापताना मशीनपाशी उभं राहून रंग जुळवून घ्यायचे, मालाची तपासणी करायची, त्याची ही मजुरी. हा आकडा लपवण्यासारखा नव्हताच. आधीच सांगितला असता तर तसा मेसेज लिहायची वेळ आली नसती.

संध्याकाळी तिने फोन केला. मी शेजारी बसले होते. "ताई, सकाळचा मेसेज प्रिंटरसाठी होता. तुमच्याबद्दल मी तसं लिहायला नको होतं, त्याची माफी मागते. 14 आणि 18 मधला फरक कुठे जातो तो हिशोब मी आत्ता पाठवते. बघून ठरवा, नाही म्हणालात तरी मला समजेल." एवढंच. मधे ताई बराच वेळ गप्प होत्या. ती शांतता भरून काढायला भाची काहीबाही बोलत सुटेल याची मला धास्ती होती, पण तिने दम धरला. ताई म्हणाल्या, "पाठवा हिशोब."

मग प्रिंटर. हे तिच्या डोक्यातच नव्हतं. त्यांचा भाव तिच्या हातून बाहेर गेला होता. कायमच्या माणसाला दिलेला तो भाव उद्या एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने त्यांच्या तोंडावर फेकला, तर ते अडचणीत येणार. तिने त्यांनाही फोन केला. ते चिडले, आणि ते बरोबरच होतं. तिने ऐकून घेतलं.

गुरुवार

दोन दिवस ताईंकडून काही नाही. भाचीला "हिशोब पाहिलात का?" असं विचारायचं होतं, मी थांबवलं. माफीनंतर लगेच पाठपुरावा केला की माफी ऑर्डरसाठीच होती असं वाटतं.

आज दुपारी निरोप आला. छपाईचे पैसे ताई थेट प्रिंटरला देणार, 14ने नाही, 15ने; नव्या गिऱ्हाइकाला त्यांचा तोच भाव आहे. टेम्पो ताईंचा. भाचीने डिझाइन आणि देखरेखीचं बिल वेगळं द्यायचं. वर एक ओळ: "यापुढे जे असेल ते मला सांगा."

बॉक्समागचे चार रुपये गेले. आता बिलावर देखरेखीचा आकडा किती लिहायचा, यावर आमचं आत्ता चाललंय. ती 1500 म्हणतेय, मी 2500.