बाण, आकडा आणि आरसा

किल्ल्या हरवतात तेव्हा बहुतेक वेळा त्या घरातच असतात, आणि नेमका त्याचाच जास्त राग येतो. म्हणून जुडग्याला टॅग अडकवायचा, म्हणजे फोनला आपली चाहूल देणारी छोटी चकती. मग फोन सांगतो, ‘जवळच आहे’. अहो, जवळच आहे हे मलाही ठाऊक आहे! कुठल्या बाजूला, ते सांगा.

या प्रश्नाला दोन प्रकारचे फोन दोन प्रकारची उत्तरं देतात. साधा ब्लूटूथवाला फोन सिग्नलचा जोर दाखवतो, एखादी पट्टी किंवा एखादं वर्तुळ कमी-जास्त भरतं. अल्ट्रा-वाइडबँड नावाची रेडिओ चिप असलेला फोन बाण काढतो आणि खाली मीटरमध्ये अंतर लिहितो. ॲपलने ही चिप २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये घातली आणि तिचा उपयोग करणारा एअरटॅग २०२१ मध्ये आला. सॅमसंगचाही असा टॅग त्याच वर्षी आला. बाण नवीन आणि पट्टी जुनी, एवढाच फरक असल्याचा समज सर्रास दिसतो. फरक मुळात आहे तो मोजायच्या गोष्टीत.

अंधारात कुणी हाक मारली, तर आवाज किती मोठा आला यावरून माणूस किती दूर आहे याचा अंदाज बांधता येतो. ब्लूटूथ हेच करतं. दुसरा मार्ग म्हणजे आपण ‘ओ’ द्यायची, त्याला ठरलेल्या वेळाने उलट ‘ओ’ द्यायला सांगायचं आणि मधला वेळ मोजायचा. हाक दबकी असली तरी वेळ बदलत नाही. अल्ट्रा-वाइडबँडचा मार्ग हा दुसरा.

जोराचा हिशोब कसा फसतो बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो. एका मीटरवर उणे ६० असेल, तर दोन मीटरवर उणे ६६, चार मीटरवर उणे ७२. आता टॅग एका मीटरवरच आहे, पण तुम्ही त्याच्याकडे पाठ करून उभे आहात आणि फोन छातीशी आहे. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी चांगल्याच शोषून घेतं, दहा-बारा डेसिबल सहज जातात. म्हणजे पुन्हा उणे ७२. एक मीटर आणि चार मीटर, आकडा एकच! भरीला भिंतींवरून आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे जोर वाढवतात, कुठे मारतात. लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असल्यामुळे हात वीतभर सरकवला तरी पट्टी उड्या मारते. टॅग तीन वेगवेगळ्या वारंवारितांवर आळीपाळीने बोलतो, त्यामुळे जागचं न हलताही आकडा डुलतो.

पण हे शरीराचं शोषणच कामाला लावता येतं, आणि ते फार कुणी करत नाही याचं मला नवल वाटतं. फोन छातीशी धरा आणि जागच्या जागी अगदी सावकाश एक गिरकी घ्या. टॅग दर सेकंद-दोन सेकंदांनी एकदा बोलतो, म्हणून प्रत्येक दिशेला चार-पाच सेकंद थांबायचं. सगळ्यात जोरदार दिशा शोधू नका, तिचा पसारा मोठा असतो. सगळ्यात मंद दिशा शोधा. ती मिळाली की वस्तू बरोब्बर तुमच्या पाठीमागे. खोलीत दुसऱ्या जागी जाऊन हेच करा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे उचकापाचक सुरू करायची. फोनमध्ये बाण नसला तरी हा पाठमोरा बाण चालतो.

आता खरा बाण. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. तीन मीटरवरच्या टॅगपर्यंत जाऊन यायला लहरीला २० नॅनोसेकंद लागतात. ब्लूटूथचा सिग्नल इतका अरुंद पट्ट्यात असतो, की सरळ आलेली लहर आणि आपटून आलेली लहर त्याला वेगळ्या दिसतच नाहीत. अल्ट्रा-वाइडबँड सुमारे ५०० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा वापरतं, त्यामुळे ठोका जेमतेम दोन नॅनोसेकंदांचा होतो आणि फोनला पहिला आलेला ठोका निवडता येतो. सरळ रस्ता सगळ्यात आखूड, म्हणून पहिला ठोका सरळ आलेला. तो क्षीण असला तरी चालतो, अंतर दहा-वीस सेंटीमीटरच्या फरकाने बरोबर निघतं. दिशेसाठी फोनमध्ये दोन सेंटीमीटरच्या आसपास अंतरावर एकापेक्षा जास्त अँटेना असतात. एकाच लहरीचा चढ-उतार या अँटेनांवर किंचित मागेपुढे पडतो, त्यावरून कोन. काही फोन कॅमेऱ्याचीही मदत घेतात, म्हणून अंधारात उजेड मागतात आणि दोन पावलं चालल्याशिवाय बाण काढत नाहीत.

हा बाण फसतो तेव्हा मात्र मोठ्या थाटात फसतो. आमच्याकडचा किस्सा. जुडगा लोखंडी कपाटात होता, दार जरासं उघडं. मी कपाटाच्या बाजूला उभा. बाण ठाम, समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे. चालत गेलो तसा आकडाही शहाण्यासारखा कमी होत गेला. पार आरशाला नाक लावलं, तर फोन म्हणतो, अजून २.६ मीटर पुढे. भिंतीपलीकडे तर मोकळी हवा!

खूण हीच. कपाटाच्या पत्र्यातून लहर बाहेर पडत नाही. ती दाराच्या फटीतून निघाली, आरशामागच्या धातूच्या थरावर आपटली आणि माझ्यापर्यंत आली. सरळ रस्ताच बंद, मग पहिला ठोका आपटलेलाच असणार. फोनच्या दृष्टीने टॅग आरशातल्या प्रतिबिंबाच्या जागी होता, म्हणजे काचेच्या जितका पुढे तितकाच मागे. म्हणून आकडा खोटा नव्हता. आरशाला पाठ करून उभा राहिलो, तर बाण गर्रकन फिरून कपाटाकडे आणि आकडा तोच, २.६. बाण भिंतीवर पोचून ‘अजून पुढे’ म्हणू लागला, की आजूबाजूला आरसा, फ्रीज, पत्रा असं काही आहे का ते बघायचं, आणि उरलेलं अंतर उलट दिशेने मोजायचं.

हे सगळं चाललेलं असताना आई म्हणाली, “अरे, वाजव की त्याला!” वाजवला होता. टॅगचा आवाज बारीक आणि कर्कश, स्वेटरच्या ढिगाखाली असा आवाज कुठून येतोय ते कान सांगत नाही. कपाटाचं दार उघडल्यावर मात्र तिने तो माझ्याआधी हेरला आणि बाणाला दोन शब्द सुनावले.

माझं मत विचाराल तर पसारा असलेल्या मोठ्या खोलीत बाणाला तोड नाही. शेवटच्या हातभर अंतरात मात्र मी फोन खिशात घालतो, तिथे हात चालवणंच लवकर होतं. बाणाची दुसरी अडचण म्हणजे ही चिप फोनमध्येही हवी आणि टॅगमध्येही. २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये जोराऐवजी लहरीच्या फेजवरून, म्हणजे तिचा चढ-उतार कुठवर आलाय त्यावरून, अंतर काढायची सोय आहे, तीही दोन्हीकडे नवी चिप असेल तरच चालते. जुन्या टॅगवाल्यांना तोवर गिरकी आहेच. फक्त घरात कुणी बघत असेल तर काय चाललंय ते आधी सांगून ठेवा.