कंगव्याचे गायब दात आणि स्ट्राइड दोनचा घोळ

चित्रे ओळखणारी न्यूरल जाळी ज्या फिल्टरांनी काम करतात, ते स्प्रेडशीटमध्ये हाताने फिरवून पाहण्याचा हा छंद. काळ्या कापडावर ठेवलेल्या पांढऱ्या कंगव्याचे जे लहान केलेले छायाचित्र मागच्या नोंदीत स्प्रेडशीटमध्ये उतरवले होते, त्याच्यावर सोबेलचा उभा फिल्टर अखेर पूर्ण फिरवून झाला. कंगव्याची बाहेरची कड आणि दोन्ही टोकांचे जाड दात इतके स्वच्छ उमटले की काही वेळ मी नुसता तो तक्ता पाहत राहिलो. मात्र मधल्या बारीक दातांच्या जागी सपाट शून्ये आली. ज्या भागात उभ्या कडा सर्वांत जास्त आहेत, नेमका तोच भाग उभ्या कडा शोधणाऱ्या फिल्टरला कोरा दिसावा, या कोड्याने पुढचे सगळे बेत बाजूला सारले. आडव्या कडांचे काम त्यामुळे अजून सुरूच झालेले नाही.

आकडे सोपे करून सांगतो. कापडाची उजळता 10 धरू आणि कंगव्याची 200. जाड दाताच्या कडेजवळ एका ओळीत 10, 10, 10, 200, 200, 200 असे पिक्सेल येतात. सोबेलच्या तीन ओळींत -1, 0, 1, मग -2, 0, 2 आणि पुन्हा -1, 0, 1 असे भार असतात. प्रत्येक भाराने त्याच्या खालच्या पिक्सेलला गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. फिल्टर कडेवर येतो तेव्हा उजव्या स्तंभातील प्रत्येक 200 मधून डाव्या स्तंभातील 10 वजा होतात. हा 190 चा फरक एकूण चार पट मोजला जातो आणि 760 हे उत्तर मिळते. कडेला लागून असलेल्या दोन्ही स्तंभांत 760 येते आणि सपाट भागात दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे शून्य येते. इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे होते.

आता बारीक दात पाहा. छायाचित्र लहान केल्यावर प्रत्येक दात एका पिक्सेलचा झाला आहे आणि दोन दातांमधील फटही एका पिक्सेलची, म्हणजे ओळ 10, 200, 10, 200, 10, 200 अशी चालते. फिल्टरचा मधला स्तंभ दातावर ठेवला तर डावीकडेही 10 आणि उजवीकडेही 10. तो फटीवर ठेवला तर दोन्हीकडे 200. फरक दोन्ही वेळा शून्य. सोबेल स्वतःच्या पायाखालचा पिक्सेल पाहतच नाही, कारण त्याच्या मधल्या स्तंभाचा भार शून्य आहे. तो फक्त दोन शेजाऱ्यांची तुलना करतो आणि दर दोन पिक्सेलांनी स्वतःची पुनरावृत्ती करणाऱ्या नक्षीत हे दोन शेजारी नेहमी जुळेच असतात. फिल्टर बिघडलेला नव्हता, त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच शून्य होते.

जाता जाता एक सूचना. छायाचित्र लहान करणारी बहुतेक साधने शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतात, त्यामुळे असे दात फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधीच करड्या रंगात विरघळतात. मला हा प्रयोग करता आला तो सरासरी न काढता मधले पिक्सेल सरळ टाकून देणाऱ्या पर्यायामुळे. त्या पर्यायाला सगळे नावे ठेवतात, पण या कामासाठी तोच बरा.

उपाय म्हणून सोबेल बाजूला ठेवला आणि -1, 2, -1 असा एका ओळीचा फिल्टर घेतला. हा मधल्या पिक्सेलची दोन्ही शेजाऱ्यांशी तुलना करतो. दातावर 400 मधून 20 वजा होऊन 380 येतात आणि फटीवर 20 मधून 400 वजा होऊन -380. रेलूने ऋण आकडे शून्य केल्यावर ओळ 380, 0, 380, 0 अशी उरते. कंगव्याचा प्रत्येक दात स्वतंत्र उठून दिसला आणि या छंदातील आजवरचे सर्वांत देखणे चित्र पडद्यावर आले. त्यासाठी रंगपट्टीतील ऋण बाजूचा निळा काढून टाकावा लागला, कारण शून्याच्या दोन्ही बाजूंना रंग देणारी तयार पट्टी रेलूनंतरच्या तक्त्यावर उगाच दिशाभूल करते.

यानंतरच्या बेतात स्ट्राइड दोन होता, म्हणजे फिल्टर दर पिक्सेलला न थांबता एक सोडून एक पिक्सेलावर थांबवायचा आणि तक्ता अर्ध्यावर आणायचा. खऱ्या जाळ्यांतही हिशेब आवाक्यात ठेवण्यासाठी असेच करतात. पहिल्या फेरीत ओळ 380, 380, 380 आली. मूळ चित्र एक पिक्सेल उजवीकडे सरकवून तीच फेरी पुन्हा केली, तर 0, 0, 0. पहिल्या वेळी फिल्टरचा प्रत्येक थांबा दातावर पडला होता आणि दुसऱ्या वेळी प्रत्येक थांबा फटीवर. कंगवा तोच, फिल्टर तोच, उजेड तोच, तरी केवळ एका पिक्सेलच्या सरकण्याने ठणठणीत होकाराचा संपूर्ण नकार झाला. वस्तू चित्रात कुठेही असली तरी फिल्टर तिला ओळखतो, हे आपण सर्व जण एकमेकांना सांगत आलो आहोत. ते खरे आहे, पण फिल्टर प्रत्येक पिक्सेलावर थांबत असेल तोवरच.

हा केवळ माझ्या तक्त्यातील चमत्कार नाही. 2012 च्या अलेक्सनेट या चित्रे ओळखणाऱ्या जाळ्यात पहिल्या थरात 11 बाय 11 चे 96 फिल्टर होते आणि स्ट्राइड चार होता. झायलर आणि फर्गस या संशोधकांनी 2013 मध्ये त्या जाळ्याच्या आतील थर चित्ररूपाने उलगडून पाहिले, तेव्हा दुसऱ्या थरात त्यांना मूळ चित्रात नसलेल्या खोट्या नक्ष्या सापडल्या. त्यांचे कारण त्यांनी हाच मोठा स्ट्राइड असल्याचे सांगितले आणि आपल्या जाळ्यात फिल्टर 7 बाय 7 चे व स्ट्राइड दोनचा केला. शिवाय अलेक्सनेटच्या पहिल्या थरातील फिल्टर अगदी बारीक किंवा अगदी ठसठशीत नक्षीकडे झुकलेले असून मधल्या जाडीच्या नक्षीसाठी फारसे कोणी नाही, हेही त्यांनी नोंदवले होते. ते फिल्टर कोणी हाताने लिहिलेले नव्हते. सुरुवातीच्या यादृच्छिक आकड्यांपासून प्रशिक्षणात चुका कमी होत जाताना ते तिरप्या, उभ्या, आडव्या पट्ट्यांचे आणि रंगीत ठिपक्यांचे बनले. माझा -1, 2, -1 हा त्याच कुळातील सर्वांत गरीब नातेवाईक म्हणावा लागेल.

मग पर्याय कोणता? मॅक्स पूलिंग सुचवणारे वाचक असतील, म्हणून तेही करून पाहिले. स्ट्राइड दोन फिल्टरवरून काढून टाकायचा आणि रेलूनंतर दोन-दोनच्या जोड्यांतील मोठा आकडा ठेवायचा. या कंगव्यावर ते उत्तम चालते, कारण प्रत्येक जोडीत एक दात असतोच आणि सरकवले तरी 380, 380, 380 कायम राहते. पण दात दोन पिक्सेल जाड आणि फटही दोन पिक्सेलची केली की रेलूनंतर 190, 190, 0, 0 अशी ओळ येते. जोड्या नीट जुळल्या तर तिचे 190, 0, 190, 0 होते, आणि चित्र एक पिक्सेल सरकवले की 190, 190, 190, 190. रोग तोच, फक्त एक पायरी पुढे ढकललेला.

खरा उतारा संशोधक रिचर्ड झांग यांच्या 2019 च्या मांडणीत मिळाला. स्तंभ गाळण्यापूर्वी थोडे धूसर करायचे, ही संकेतप्रक्रियेतील जुनी शिस्त त्यांनी या जाळ्यांत परत आणली. रेलूनंतरच्या 380, 0, 380, 0 या ओळीवर 1, 2, 1 असे भार फिरवून बेरजेला चारने भागायचे. दातावर 760 भागिले चार म्हणजे 190. फटीवर दोन्ही बाजूंचे 380 मिळून 760, म्हणजे पुन्हा 190. सगळी ओळच 190 ची होते, त्यामुळे आता कोणताही एकाआड एक स्तंभ उचलला तरी 190, 190, 190 हेच हाती लागते. वेगवेगळे दात आता दिसत नाहीत, पण इथे दाट उभी नक्षी आहे ही बातमी टिकते आणि पुढच्या थराला तेवढीच हवी असते.

क्रम मात्र काटेकोर पाळावा लागतो. धूसर करण्याचे काम रेलूच्या आधी केले तर 380 आणि -380 एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर पुन्हा सपाट शून्य येते. हे मुद्दाम करून पाहण्यासारखे आहे, कारण रेलू नक्की कशासाठी असतो याचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळाले नाही.

हे लिहितानाच दुसऱ्या थराचा विचार सुचला आणि तो लगेच करूनही पाहिला. दुसऱ्या थराचा फिल्टर चित्र पाहत नाही, तो पहिल्या थराचे निकाल पाहतो. त्याला 1, 1, 1 असे भार दिले आणि बेरजेतून 300 वजा करणारा बायस लावला. दातांच्या भागात तीन 190 मिळून 570 होतात आणि बायसनंतर 270 उरतात. एकटीच बारीक रेघ असेल तर पहिल्या थरात एकच 380 येते आणि धूसर केल्यावर 95, 190, 95. त्यातून एकाआड एक उचलले की 0, 190, 0 मिळते किंवा 95, 95. दोन्ही वेळा बेरीज 190 च होते, बायसनंतर ती ऋण जाते आणि रेलू तिला शून्य करतो. साध्या कडेची बेरीज तर कशीही सरकवली तरी 95 च भरते. म्हणजे रेघ आणि कड यांना नकार देणारा आणि केवळ दातांच्या रांगेला होकार देणारा एक फिल्टर तयार झाला, आणि चित्र सरकवल्याने त्याचे मत बदलत नाही.

आडव्या कडा घेण्याचा बेत त्यामुळे पुढे ढकलतो आणि आधी दोन पिक्सेल जाडीच्या दातांकडे वळतो. तिथे धूसर करून स्तंभ गाळल्यावर 142.5 आणि 47.5 आलटून पालटून येतात. सरकवले तरी हे दोनच आकडे राहतात, पण तीन घरांची बेरीज कधी 332.5 तर कधी 237.5 भरते. 300 चा बायस दुसरीला शून्यावर आणतो आणि सलग नक्षीत भोके पडतात. बायस 200 वर आणला तर 132.5 आणि 37.5 उरतात, आणि दोन पिक्सेल जाड एकट्या रेघेची बेरीज 190 च असल्यामुळे ती बाहेरच राहते. बारीक दातांचे निकाल 200 वरही अबाधित आहेत, तेव्हा पुढच्या फेरीपासून 200 च ठेवतो आणि कंगवा थोडा तिरपा करून घेतलेले दुसरे छायाचित्र त्याच तक्त्यातून काढतो.