जर्मनीला परतणाऱ्या सहकाऱ्याचा निरोप: शाल, श्रीफळ आणि समई

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात तीन वर्षांसाठी आलेला जर्मन सहकारी परत निघाला आणि निरोपाची जबाबदारी माझ्याकडे आली. समारंभ तासाभराचा असतो. खरं काम असतं ते आपण देऊ ते त्याच्या घरापर्यंत पोचेल हे पाहण्याचं.

पहिल्यांदा तारखा विचारल्या, आणि त्याही दोन: घरचं सामान पॅक होऊन जहाजाने कधी जाणार, आणि विमान कधी. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. त्याचं तिकीट 15 तारखेच्या रात्री 1:20 चं होतं, म्हणजे त्याला 14 च्या रात्रीच टी-2 वर असायला हवं होतं. आमच्या ग्रुपवर 15 ला दुपारी कार्यक्रम ठरतही आला होता! शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करणं, घराच्या चाव्या देणं असतंच, म्हणून आम्ही 12 तारीख धरली. त्यामुळे मिळालेल्या वस्तू शांतपणे बॅगेत भरायला त्याला दोन संध्याकाळी मिळाल्या.

भेट म्हणून पितळी समई ठरली. ती जहाजाच्या सामानात टाकू, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पण तिथे अडचण आहे. जर्मनीत कायमचं परतणाऱ्याला घरसामानावर कर माफ असतो, तो किमान 12 महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेल्याला, आणि सामान्यतः किमान सहा महिने वापरलेल्या वस्तूंवर. कालपरवा घेतलेली समई त्यात बसत नाही. उलट विमानाने स्वतःबरोबर नेल्यास 430 युरोपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट मिळते. एक समई त्याच्या खूपच आत असते, मात्र इतरांनी दिलेल्या वस्तूही त्याच हिशेबात येतात, हे त्याला सांगून ठेवलं.

समई मुंबईतल्या तांबाकाटा या भांडीबाजारातून घेतली, फूटभर उंचीची. घेताना दुकानदारासमोरच फिरवून पाहिली: बैठक, खांब आणि वरची वातींची वाटी असे तिन्ही भाग आट्यांवर सुटे होतात का? आटे बसवलेले नसून झाळलेले असतील तर ती उभीच न्यावी लागते आणि मान वाकते. ‘अँटिक’ झिलईची समई नको म्हटलं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 1972 च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, आणि मुद्दाम काळवंडवलेली नवी वस्तू तपासणाऱ्याला जुनीच वाटू शकते. लखलखीत पितळ आणि तारखेचं छापील बिल असलं की प्रश्न मिटतो. कार्यक्रमात समई लावली, म्हणून नंतर गरम पाण्याने धुऊन तेल पूर्ण काढलं. तिन्ही भाग वेगवेगळे शालीच्या घडीत गुंडाळून चेक-इन बॅगेत वरच्या बाजूला ठेवायला सांगितले, सोबत बिल. जाड पितळ एक्स-रेत नुसतं काळं दिसतं, त्यामुळे बॅग उघडली जाण्याची शक्यता धरूनच भरावी.

शाल हिमरू घेतली: हलकी, आणि युरोपातल्या थंडीत गळ्याभोवती घेता येईल अशी.

राहिलं श्रीफळ. त्याच्याशिवाय आपला सत्कार अपुरा वाटतो, पण विमानात नारळ नको. सुकं खोबरं हवाई वाहतुकीत धोकादायक मालात मोडतं, यूएन 1363, कारण त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं. नारळ ओला की सुका हे बाहेरून कळत नाही, म्हणून तपासणीत वाद होतो. आम्ही नारळ हातात दिला, फोटो झाला, आणि लगेच तिथेच फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. ‘नारळ देणे’ याचा मराठीतला दुसरा अर्थ कोणीतरी त्याच्या कानावर घालणारच होतं. म्हणून हा मानाचा नारळ आहे, हे मी त्याला आधीच समजावलं.

खाऊत सर्वांत जास्त चुका होतात. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. कंदी पेढे म्हणजे सगळा खवाच, आणि तूपही दुधाचंच, म्हणून दोन्ही बाद. हापूसला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते पेटीवर नसतं. हाराचीही तीच गत, तो ऑफिसातच उतरवून ठेवला. लोणचं चालतं, पण तेल गळलं की कपडे जातात. आम्ही शेंगदाण्याची चिक्की, गोडा मसाला आणि मेतकूट दिलं, सगळं कारखान्यात सीलबंद केलेलं आणि घटकांची इंग्रजी यादी छापलेलं. घरच्या डब्यातली पिवळी पूड म्हणजे काय, हे फ्रँकफर्टच्या कस्टम्सवाल्याला तोंडी पटवणं अवघड असतं. पाकिटावरची यादी तो स्वतःच वाचतो.